वरून डोकावलेला बूम आणि न दिसणारं ठिगळ

*दादा, आमच्या अहिराणी शॉर्टफिल्ममध्ये आजी-नातवाच्या सीनला वरून बूम माइक आत आलाय. कॅमेरा ट्रायपॉडवरच होता. क्रॉप केलं तर आजीचं डोकं वरच्या कडेला चिकटतं आणि दारातला नातू अर्धा कापला जातो. मागे जो कापसाचा ढीग दिसतो तो विकला गेला, त्यामुळे परत शूट होणार नाही. बूम नसलेल्या फ्रेमचा फोटो काढून वर लावला. बूम गेला, पण तेवढा भाग चिकटवल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?*

चूक मास्कमध्ये नाही, त्या फोटोमध्ये आहे. भिंत स्थिर असते, पण भिंतीचा व्हिडिओ स्थिर नसतो. तुमची क्लिप ३०० टक्के झूम करा, बूमपासून लांबच्या नुसत्या भिंतीच्या तुकड्यावर नजर ठेवा आणि प्ले करा. बारीक दाणे सतत वळवळताना दिसतील, दर फ्रेमला नवे. घरात उजेड कमी म्हणून आयएसओ वाढवला असेल तर जास्तच. आता तुम्ही लावलेल्या फोटोकडे बघा. तिथेही दाणे आहेत, पण ते खिडकीच्या काचेवर बसलेल्या धुळीसारखे जागेवर गोठलेले आहेत. नेहमीच्या आकारात बघताना दाणे कुणाला वेगळे दिसत नाहीत, पण वरचा एक पट्टा मेलेला आणि खालचं सगळं जिवंत, हे डोळ्याला लगेच कळतं.

म्हणून पहिली गोष्ट: फोटो काढून टाका आणि त्या जागी त्याच क्लिपचा दुसरा, चालता भाग लावा. ठिगळही व्हिडिओच असला की दाण्यांचा प्रश्न उरत नाही. मग जुळवायच्या फक्त दोन गोष्टी राहतात, जागा आणि उजेड. हे माझ्याकडे आलेल्या एका शॉटवरच सांगतो, कारण त्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड आल्या होत्या.

शिंदखेड्याकडच्या पोरांची फिल्म होती. धाब्याचं घर, ओसरीत आजी गोधडी शिवत बसलेली, मागे मातीने सारवलेली भिंत, भिंतीवर आजोबांचा काचेचा फोटो आणि एक कॅलेंडर, सगळ्यात वर लाकडी तुळई. नातू डावीकडून येतो आणि दारात उभा राहतो. आजी विचारते, ‘आते कोठे जाई राह्यना तू?’ आणि बरोबर त्या वाक्याला बूम खाली येतो, कारण आजींचा आवाज बारीक होता आणि बूम धरणाऱ्या पोराने जवळ जायचा प्रयत्न केला होता. त्याने केलं ते आवाजाच्या दृष्टीने बरोबरच होतं. तो आवाज इतका छान होता की दुसरा टेक वापरायचा विचारही मनात आला नाही.

शॉट १४ सेकंदांचा, २५ फ्रेमचा, म्हणजे एकूण ३५० फ्रेम. बूम १४०व्या फ्रेमला डोकावतो आणि २३२व्या फ्रेमला बाहेर जातो. सगळ्यात खाली येतो तेव्हा वरच्या कडेपासून ८४ पिक्सेल आत असतो. चित्र १९२० बाय १०८० होतं. क्रॉपचा हिशेब आधी करून बघितला, तोही सांगतो, कारण काही वेळा तेवढ्यावरच काम भागतं. वरचे ८४ पिक्सेल बाहेर ढकलायचे तर १०८० भागिले ९९६, म्हणजे चित्र साधारण १०८.४ टक्के मोठं करायचं आणि खालची कड जागेवर ठेवायची. पण मग रुंदीही सुमारे १५० पिक्सेल कमी होते, दोन्ही बाजूंनी ७५-७५. तुमचा नातू त्यातच कापला जातोय. माझ्याकडेही तेच झालं असतं. शूट फोर-के असतं आणि फिल्म १०८०ला द्यायची असती, तर मोठं केल्याने चित्राचा कस गेला नसता, पण चौकट तर बदललीच असती.

तर ठिगळ. टाइमलाइनवर क्लिपची एक प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवायची आणि ती वेळेत सरकवायची, म्हणजे बूम असलेल्या फ्रेमच्या वर बूम नसलेल्या फ्रेम येतील. बूमच्या फ्रेम १४० ते २३२, एकूण ९३. मला लागोपाठ ९३ स्वच्छ फ्रेम हव्या होत्या. आधीच्या भागातून घ्यायच्या तर ३० ते १२२ मिळत होत्या, म्हणजे प्रत ११० फ्रेम पुढे सरकवायची. मी ती सरकवली आणि वरच्या पट्ट्यावर मास्क काढला.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, पण निम्मं काम तिथेच होतं. मास्क क्षणभर बंद करा आणि वरच्या ट्रॅकचा ब्लेंड मोड `Difference` करा. दोन चित्रं तंतोतंत सारखी असतील तर पडदा काळा दिसतो, जिथे फरक असेल तिथे उजळतो. फरक नीट दिसावा म्हणून वर एखादा इफेक्ट लावून ब्राइटनेस बराच वाढवा. आजी हलते तिथे उजळणारच, ते सोडून द्या. भिंतीवर सगळीकडे एकसारखी बारीक चमचम दिसली तर ते दाणे आहेत, त्यांचीही काळजी नको. शोधायच्या दोन खुणा आहेत. तुळईच्या कडेने, फोटोच्या चौकटीने बारीक उजळ रेघ दिसली तर कॅमेऱ्याची चौकट सरकली आहे. आणि सगळा भागच राखाडी दिसला तर उजेड बदलला आहे.

माझ्या शॉटमध्ये तुळईच्या खालच्या कडेने रेघ दिसली. ट्रायपॉडवर असून चौकट हलली होती. क्लिप पुढेमागे करून बघितल्यावर कारण कळलं: साधारण १३०व्या फ्रेमला नातू ट्रायपॉडच्या जवळून जातो, ओसरीची जमीन मातीची, एक पाय किंचित दबला आणि चित्र सुमारे अर्धा पिक्सेल सरकलं. हे नुसत्या डोळ्याला कधीच दिसलं नसतं, पण ठिगळ लावलं की त्या अर्ध्या पिक्सेलने तुळई मधेच तुटल्यासारखी दिसते. असं सरकणं दुसऱ्या कारणानेही होतं. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर चालू राहिलं तर चित्र हळूहळू वाहत जातं. ऑटोफोकस मधेच शोधत बसला तर चित्र किंचित लहानमोठं होतं. वाहत जाणाऱ्या चित्रात रेघ फ्रेमागणिक कमीजास्त होत राहते, फोकसच्या बाबतीत मध्यापासून दूर जावं तशी जाड होते. रेघ कशी दिसते त्यावरून कारण ओळखता येतं.

अर्धा पिक्सेल आहे तर ठिगळ अर्धा पिक्सेल सरकवून टाकू, असं वाटतं. करता येतं, पण त्याची किंमत आहे. पूर्ण पिक्सेलने सरकवलं तर चित्र जसंच्या तसं राहतं. अर्ध्याने सरकवलं तर सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतं, आणि सरासरीत दाणे मऊ होतात. म्हणजे फोटो काढून टाकून जे मिळवलं ते थोडं परत गमावलं. म्हणून मी त्या जागी दुसरा भाग शोधला. बूम गेल्यानंतरच्या फ्रेम, २५० ते ३४२. त्यासाठी प्रत ११० फ्रेम उलट्या बाजूला सरकवली. ट्रायपॉड तेव्हा दबून झालेला होता, बूम असतानाही तो दबलेलाच होता, त्यामुळे दोन्ही चित्रं पिक्सेलवर पिक्सेल बसली. रेघ गेली.

पण पडदा राखाडी झाला. मधल्या काळात ढग आला होता. ओसरीतला उजेड अंगणातून येत होता, त्यामुळे भिंत मंदावली होती. जागा जुळते तिथे उजेड जुळत नाही, उजेड जुळतो तिथे जागा जुळत नाही, असा पेच असेल तर माझं मत ठाम आहे: जागा जुळणारा भाग घ्या. उजेड नंतर आकड्यांनी जुळवता येतो आणि त्यात चित्राचं फारसं काही बिघडत नाही.

उजेड डोळ्याने जुळवू नका. भिंतीवर एक जागा ठरवा, मास्कच्या लगेच खाली, जी दोन्ही चित्रांत बूमशिवाय दिसते. तिथला लाल, हिरवा, निळा आकडा दोन्ही ट्रॅकवर वाचा. एका पिक्सेलचा आकडा दाण्यांमुळे उड्या मारतो, म्हणून ३० बाय ३० च्या चौकोनाची सरासरी घ्या. ती सोय नसेल तर त्या जागेवर भरपूर ब्लर लावून मग वाचा आणि ब्लर काढून टाका. माझ्याकडे १५०व्या फ्रेमला मूळ चित्रात १४२, ११८, ९२ होते आणि त्यावर बसलेल्या ठिगळात १३१, ११०, ८८. भागाकार केला तर लाल १.०८४, हिरवा १.०७३, निळा १.०४५. तिन्ही वेगळे आले हे बघा. नुसता ब्राइटनेस वाढवून हे जुळलं नसतं. ऊन ढगाआड गेलं की उजेड कमी होतो तसा थोडा निळसरही होतो, म्हणून ठिगळात लाल जास्त वाढवावा लागला. प्रत्येक रंगाच्या `Gain` मध्ये हे आकडे घातले. ढग सरकत होता, त्यामुळे हेच मोजमाप १४०, १७०, २०० आणि २३२ या फ्रेमना करून चार कीफ्रेम लावले. पुन्हा `Difference` बघितलं, पडदा काळा आणि नुसती चमचम. तिथे ठिगळ जमलं.

तुमचं शूट घरातल्या ट्यूबवर किंवा एलईडीवर झालं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ फ्रेमला हे प्रत्येक फ्रेमशी जुळून जातं, काही कळत नाही. पण फोनवर ३० फ्रेमला आणि १/६० शटरला शूट केलं तर भिंत लुकलुकते, आणि ती लुकलुक दर तीन फ्रेमनी फिरून तिथेच येते. अशा क्लिपमध्ये ठिगळ तीनच्या पटीत सरकवा, १०८ किंवा १११ फ्रेम, ११० नको. नाहीतर भिंत उजळताना ठिगळ मंद होईल आणि पट्टा फडफडताना दिसेल. विजेचं हर्ट्झ थोडं वरखाली होत असतं, फोनच्या फ्रेमही अगदी एकसारख्या अंतराने पडत नाहीत, म्हणून दोन-तीन पट करून बघा आणि जो शांत दिसेल तो ठेवा.

आता मास्क. बूम हलतो म्हणून मास्कही त्याच्या मागे हलवायचा, ही सवय सोडा. हलणारी कड डोळ्याला आधी दिसते. ट्रायपॉडच्या शॉटला एकच स्थिर आकार काढा, बूम जिथे जिथे गेला ती सगळी जागा आणि वर थोडी मोकळीक. बूमवर केसाळ आवरण असेल तर त्याचे केस आणि हलताना पडलेला धूसरपणा पकडून १५-२० पिक्सेल जास्त घ्या. कड शक्यतो चित्रातल्या एखाद्या रेघेवर टाका. माझ्याकडे खालची कड तुळईच्या खालच्या रेघेने नेली, बूम तुळईच्या खाली आला होता तिथे फक्त भिंतीत उतरवली. कॅलेंडर मास्कच्या बाहेर ठेवलं, कारण पंख्याने त्याची पानं हलत होती आणि ठिगळ सुरू होताना पान टुणकन उडालं असतं. तुमच्या दाराला तोरण असेल तर त्याचीही हीच काळजी घ्या.

फेदर जास्त ठेवला की सगळं सुखरूप मिसळतं, असं वाटतं. भिंतीवर ते उलटं जातं. फेदरच्या मधोमध अर्धं मूळ चित्र आणि अर्धं ठिगळ असतं. दोन्हींचे दाणे वेगवेगळे, त्यांची अर्धी-अर्धी बेरीज झाली की दाण्यांचा जोर साधारण ७० टक्क्यांवर येतो. म्हणजे ६० पिक्सेलचा फेदर दिला तर तिथे एक गुळगुळीत पट्टा तयार होतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खरखरीत भिंत. उजेड नीट जुळलेला असेल तर १० ते १५ पिक्सेल पुरतात. त्याहून जास्त लागतोय असं वाटलं तर फेदर वाढवू नका, उजेडाचे आकडे पुन्हा तपासा.

मी एक चूक केली होती ती तुम्ही करू नका. बूम काढला, शॉट पुढे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघताना आजोबांच्या फोटोच्या काचेत एक काळी सावली वरून खाली येऊन परत जाताना दिसली. बूमचं प्रतिबिंब. बूम गेला आणि त्याचं प्रतिबिंब राहिलं, हे बूम दिसण्यापेक्षा वाईट, कारण भिंतीवरचा फोटो जिवंत असल्यासारखा वाटतो. काम सुरू करण्याआधीच बूमच्या पहिल्या आणि सगळ्यात खालच्या फ्रेमवर आलटून पालटून उड्या मारा आणि सगळं चित्र बघा, फक्त वरची कड नाही. भिंतीवरची सावली, फोटोच्या काचा, मांडणीवरची स्टीलची भांडी, आरसा, आजीचा चष्मा. माझ्याकडे फोटोसाठी वेगळा मास्क काढून तेच ठिगळ तिथेही वापरलं आणि काम झालं. चष्म्यातलं प्रतिबिंब असतं तर एवढं सोपं नव्हतं, कारण डोकं हलतं.

हे सगळं कलर करण्याआधी करा. रंग चढल्यावर ठिगळ लावलं तर वर जुळवलेले आकडे दर वेळी बदलतात. वरचा आणि खालचा ट्रॅक मिळून एक कंपाउंड किंवा नेस्ट करा आणि कलर त्या एकत्र क्लिपवर चढवा. कॉन्ट्रास्ट वाढला की दडलेला फरक वर येतो, म्हणून कलर झाल्यावर एकदा मुद्दाम गॅमा खूप वाढवून आणि एकदा खूप कमी करून शॉट बघा. तिथेही पट्टा दिसला नाही तर अमळनेरच्या नाट्यगृहातल्या प्रोजेक्टरवरही दिसणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या शॉटमध्ये बूम नसलेली फ्रेम तरी आहे. पण पुढच्या एखाद्या शॉटला बूम पहिल्यापासून शेवटपर्यंत आतच आहे, फक्त डावीउजवीकडे फिरतोय, असंही होईल. तेव्हा चालतं ठिगळ मिळत नाही, पण स्वच्छ भिंत मिळते. शॉटमधून थोड्या थोड्या अंतराने फ्रेम काढायच्या आणि प्रत्येक पिक्सेलला त्या सगळ्या फ्रेममधली मधली किंमत द्यायची. भिंतीच्या एखाद्या ठिकाणी बूम निम्म्याहून कमी फ्रेममध्ये असेल तर मधली किंमत भिंतीचीच येते, बूम आपोआप गळून पडतो. सेकंदाला अडीच फ्रेम काढल्या तर १४ सेकंदांच्या ३५ फ्रेम होतात, तेवढ्या पुरतात.

```
ffmpeg -i shot.mov -vf fps=2.5 f_%03d.png
magick f_*.png -evaluate-sequence median plate.png
```

यातून निघणारी `plate.png` अगदी स्वच्छ असते, आणि तीच तिची अडचण आहे. तिच्यात दाणे जवळजवळ नसतातच. म्हणून ती लावल्यावर तेवढ्या भागावर ग्रेनचा इफेक्ट घालावा लागतो. तो जुळवताना रंगीत चित्र बघू नका, एकेक चॅनल बघा, विशेषतः निळा, कारण घरातल्या पिवळट उजेडात सगळ्यात जास्त दाणे तिथेच असतात. दाण्याचा आकार आणि जोर दोन्ही जुळले पाहिजेत. कॅमेऱ्याने फाइल दाबून साठवलेली असते, त्यामुळे खरे दाणे इफेक्टमधल्या दाण्यांपेक्षा जाडसर आणि मऊ असतात. इफेक्टचा आकार थोडा वाढवा. आणि ढग-उन्हाचा खेळ असेल तर ही प्लेट एकाच उजेडाची असते, तिला वर सांगितलेले कीफ्रेम लावावेच लागतात. म्हणून चालतं ठिगळ मिळत असेल तर प्लेटच्या मागे लागू नये.

केबलचं मात्र वेगळं आणि खूप सोपं आहे. बूमच्या दांड्यावरून सुटलेली केबल वरून लोंबत असेल तर ती चित्रात सात-आठ पिक्सेल जाड असते. तिला दुसऱ्या वेळेची फ्रेम लागतच नाही. क्लिपची प्रत त्याच वेळेवर वर ठेवा, फक्त १८-२० पिक्सेल बाजूला सरकवा आणि केबलभोवती अरुंद मास्क काढा. केबलच्या जागी शेजारची भिंत येते. फ्रेम तीच, त्यामुळे उजेड तोच, दाणे जिवंत, ढग आला तरी दोन्हीकडे एकदमच येतो. सरकवताना चित्रातल्या रेघेच्या दिशेने सरकवा: केबल आडव्या तुळईवरून जात असेल तर आडवं, उभ्या खांबाला आडवी किंवा तिरकी ओलांडून जात असेल तर उभं. मागे केळीची पानं किंवा निंबाचा पाला असेल तर शेजारचा पालाच पुन्हा दिसतो, पण पाल्यात तो ओळखू येत नाही. मागे आकाश असेल तर आणखी सोपं. केबल झुलत असेल तर मास्क तिच्यामागे हलवावा लागतो, पण इथे ते चालतं, कारण आतबाहेरचा उजेड एकच आहे. बूमचं टोक थोडंसंच आत आलं असेल आणि शेजारी नुसती भिंत असेल तर बूमलाही हीच युक्ती आधी करून बघा.

कॅमेरा हातात असेल तर ठिगळाला चित्राबरोबर चालावं लागतं. भिंत सपाट असल्यामुळे प्लेनर ट्रॅकर तिला नीट पकडतो. ट्रॅकरचा चौकोन भिंतीवर ठेवा आणि त्यातून बूम आणि माणसं वगळा, नाहीतर ट्रॅकर बूमच्या मागे धावतो. त्यात हलताना झालेला धूसरपणाही जुळवावा लागतो. एक शॉट म्हणजे एक दिवस धरा. तुमचा ट्रायपॉडचा शॉट नीट केला तर दोन-तीन तासांत होतो.

सगळ्या फिल्मला वरखाली काळ्या पट्ट्या द्यायच्या, हा मार्ग कुणीतरी सुचवेलच. हिशेब असा: १९२० रुंदीत २.३९ चं प्रमाण घेतलं तर उंची ८०३ उरते, म्हणजे वर आणि खाली १३८-१३८ पिक्सेल झाकले जातात. ८४ पिक्सेलचा बूम त्यात सहज जातो. शिवाय प्रत्येक शॉट पट्ट्यांच्या मागे वरखाली सरकवता येतो. थिएटरसाठी वरखालून झाकून दाखवायच्या म्हणून शूट झालेल्या जुन्या फिल्म पूर्ण उंचीत दाखवल्या गेल्या की त्यात बूम दिसतात, ते याच कारणाने. पण पट्ट्या एका शॉटला देता येत नाहीत, पूर्ण फिल्मला द्याव्या लागतात, आणि तुमची फिल्म १६:९ साठीच बांधलेली असेल तर प्रत्येक क्लोजअपला कपाळ कापलं जाईल. एका शॉटसाठी हे करू नका.

पुढच्या शूटला एवढं करा. आवाजवाला प्रत्येक जागेचा ३० सेकंद शांत आवाज रेकॉर्ड करून घेतो, सगळे गप्प उभे राहतात. तेव्हा माणसांना चौकटीबाहेर करा, बूम वर घ्या आणि कॅमेरा चालू ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर न बदलता. आवाजाची आणि चित्राची स्वच्छ प्लेट एकाच वेळी मिळते, वेगळा वेळ जात नाही.

शेवटी एक अडचण, जी यातल्या कशानेच सुटत नाही. बूम भिंतीसमोर आहे तोवर वरचं सगळं चालतं. तो आजीच्या पदरावरून किंवा केसांवरून गेला असेल तर त्या फ्रेममध्ये पदर कसा होता हे चित्रात कुठेच नाही. दोन-चार फ्रेमच असतील तर मागच्या-पुढच्या फ्रेममधून पदराचा तुकडा आणून बसवता येतो. वीस-पंचवीस फ्रेम असतील तर त्या फ्रेमवर रात्रभर बसू नका. आजीचा आवाज तसाच चालू ठेवा आणि तेवढ्या वेळेला दारातल्या नातवाचा चेहरा लावा. आजी विचारते आणि तो ऐकतो आहे, हे बघायलाही चांगलं असतं. त्याचा वेगळा क्लोज शॉट घेतलेला नसेल तर दुसऱ्या टेकमधला बघा, ओठ हलत नसलेला कुठलाही सेकंद-दीड सेकंद पुरतो.